एका लिटर दुधाची खीर: केलगेरीच्या बाजारभावात आणि घरच्या शेगडीवर

पितृपक्षात धारवाडच्या केलगेरीतल्या मराठी घरांत तांदळाची खीर होते आणि शेजारच्या कन्नड घरांत अक्की पायस होतं. वेलची, नारळ, गूळ यांचं प्रमाण घराघरांत वेगळं असतं. फसण्याची कारणं मात्र सगळीकडे दोनच, दूध खाली लागणं किंवा नासणं. दोन्हीत सगळ्यात महाग जिन्नस, म्हणजे दूधच, वाया जातं. म्हणून आधी पैशांचा हिशेब आणि मग शेगडीवरची कामं, अशा क्रमाने जाऊ. धरलेली खीर एका लिटर दुधाची, दीडशे मिलीच्या सहा वाट्या भरेल इतकी.

खिरीच्या खर्चात दूध हाच मोठा आकडा. १ एप्रिल २०२५ रोजी नंदिनीचं दूध लिटरमागे ४ रुपयांनी वाढलं. खालच्या हिशेबात निळ्या पाकिटातलं टोन्ड दूध ४६ रुपये, स्टँडर्डाइज्ड ५२ आणि फुल क्रीम ६० रुपये लिटर धरलं आहे. तुमच्या हातातल्या पाकिटावर वेगळी किंमत असेल तर ती घाला, हिशेबाची रीत तीच राहते. बघायचं ते एवढंच की या पैशांत किती स्निग्धांश मिळतो. सरकारी मानकाप्रमाणे टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश असतो, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के. म्हणजे एका लिटरमागे ढोबळमानाने ३०, ४५ आणि ६० ग्रॅम. टोन्डमध्ये एक ग्रॅम स्निग्धांश दीड रुपयाला पडतो आणि फुल क्रीममध्ये एका रुपयाला. स्वस्त दिसणारं पाकीट खिरीसाठी महाग ठरतं.

‘स्वस्त दूध घेऊ आणि जास्त आटवू’ हा विचार बऱ्याच घरांत होतो, म्हणून तोही तपासून पाहू. फुल क्रीमच्या एका लिटरइतका स्निग्धांश निळ्या पाकिटातून हवा असेल तर दोन लिटर दूध लागेल. त्याचे ९२ रुपये झाले आणि ते निम्म्याहून खाली आटवायला तास-दीड तास उभं राहायचं. गॅसचा सिलिंडर ८७० रुपयांना धरला तर या आटवणीला नऊ-दहा रुपयांचा गॅस जातो. फुल क्रीमच्या एका लिटरमधलं पाचवा हिस्सा पाणी उडवायला दोन-तीन रुपये पुरतात. शिवाय दोन लिटर आटवलेल्या टोन्ड दुधात साखरेआधीच दुधाचा गोडवा आणि रवाळ घट्टपणा इतका वाढतो की खिरीऐवजी बासुंदी होते. बासुंदीच हवी असेल तर गोष्ट वेगळी.

धारवाडात आणखी एक वाट उघडी आहे, ती म्हणजे गवळ्याकडचं म्हशीचं दूध. धारवाडी म्हैस ही या भागाची स्वतःची जात आहे आणि तिच्या दुधात स्निग्धांश साधारण सात टक्क्यांच्या आसपास असतो. इथल्या पेढ्याचा नावलौकिक याच दुधावर उभा राहिला. खिरीला ते फुल क्रीमहून सरस, पण दोन अटी आहेत. पाणी न घातलेलं असावं आणि धार काढल्यापासून फार वेळ गेलेला नसावा. एप्रिल-मे महिन्यांत पहाटेचं दूध दुपारी बाराला घरी आलं तर त्यात आंबटपणा सुरू झालेला असू शकतो. तो जिभेला कळत नाही, पण उकळताना कळतो. ते आधीच ओळखायची रीत पुढे सांगतो.

आता पूर्ण खर्च. दूध ६० रुपये. तांदूळ ६० ग्रॅम, म्हणजे साधारण चार सपाट टेबलचमचे, ९० रुपये किलोच्या आंबेमोहरात पाच रुपयांचे. साखर ९० ग्रॅम, चार रुपये. वेलची पाच-सहा, तीन रुपये. तूप एक चमचा, तीन रुपये. गॅस तीन रुपये. सगळे मिळून ७८ झाले, म्हणजे वाटीला तेरा रुपये. यात पंधरा ग्रॅम काजू, थोडी चारोळी आणि चिमूटभर केशर घातलं की सुमारे चाळीस रुपये वाढतात आणि वाटी वीस रुपयांच्या जवळ जाते. म्हणजे तांदूळ, साखर, वेलची, तूप आणि गॅस यांच्या एकूण खर्चाच्या दुपटीहून जास्त पैसे वरच्या सजावटीला जातात. माझं मत स्पष्ट आहे. पैसे मोजके असतील तर सुकामेवा कमी करा, दूध हलकं घेऊ नका. काजूने पातळ खीर दाट होत नाही.

तांदळात मात्र खरोखर बचत करता येते. आंबेमोहराचा वास खिरीला शोभतो हे खरं, पण दाटपणा येतो तो तांदळातल्या पिठूळपणामुळे, आणि तो पिठूळपणा तुकडा तांदळातून लवकर सुटतो. म्हणून वाण्याकडची कणी पूर्ण तांदळाच्या निम्म्या भावात मिळाली तर खुशाल घ्या. सोना मसुरीची कणी चालते. अलणावर-कलघटगी पट्ट्यातला घरचा नवा तांदूळ कोणी दिला तर तो आणखी चांगला, कारण नवा तांदूळ जुन्यापेक्षा चिकट शिजतो. बासमतीची इथे गरज नाही. लांब, सुटं शीत हा त्याचा गुण आणि खिरीत तोच आड येतो.

शेगडी पेटवण्यापूर्वीचं काम पाच मिनिटांचं आहे आणि साठ रुपयांचं दूध वाचवणारं आहे. मोठ्या पातेल्यात दूध ओतण्याआधी त्यातलं दोन चमचे दूध लहान कढल्यात किंवा स्टीलच्या डावात घेऊन थेट आचेवर उकळा. उकळी आल्यावर डाव तिरपा करून कडेची पातळ धार उजेडात पाहा. दूध गुळगुळीत ओघळलं तर ताजं आहे. भिंतीला बारीक पांढरे कण चिकटलेले दिसले तर ते दूध खिरीला घेऊ नका. चहालाही ते टिकणार नाही. ताज्या दुधातली प्रथिनं उकळीला सहज टिकतात. आंबटपणा वाढला की तीच प्रथिनं उष्णतेत एकमेकांना धरतात आणि पाणी वेगळं होतं. दूध आटत गेलं की त्यातला आंबटपणा आणि क्षारही दाट होतात. म्हणून पहिली उकळी सोसलेलं दूध कधी कधी अर्ध्या तासाने, आटता आटता फाटतं.

नासण्याचं दुसरं कारण फ्रिजमध्येच ठेवलेलं असतं. आठवडाभर साठवलेली साय खिरीत घालून दाटपणा आणायचा मोह होतो. ती साय लोण्यासाठी ठेवलेली असते आणि चार-पाच दिवसांत तिला आंबूस चव येते. अशी साय गरम दुधात गेली की दूध तिथेच फुटतं. साय घालायचीच असेल तर आजची किंवा कालची घाला. पितळी पातेलं वापरत असाल तर कल्हई तपासा. कल्हई उडालेल्या भांड्यात दुधाला रंग आणि चव दोन्ही धरतात. चिंचेने घासलेलं भांडंही दूध घालण्यापूर्वी साध्या पाण्याने दोनदा विसळून घ्या. आदल्या दिवशीच्या आमटीचा डाव न धुता खिरीत घातला तरी दूध नासायला तेवढं पुरतं.

आता करपणं. दूध आणि तांदूळ दोन वेगळ्या कारणांनी बुडाला लागतात. सत्तर अंशांच्या वर दुधातली काही प्रथिनं उलगडतात आणि सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे बुडाला, क्षारांसकट पातळ थर धरतात. हा थर पांढरा असेपर्यंत काही बिघडत नाही. पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वर्तुळापुरता भाग फार तापतो. तिथला थर तपकिरी होतो आणि मग वास येतो. दुसरं, कच्चा तांदूळ दुधात पडला की सरळ तळाला बसतो. पहिल्या दहा मिनिटांत तो फुगताना बाहेरून चिकट होतो आणि त्या थराला जाऊन मिळतो. म्हणून बहुतेक खिरी शेवटच्या पाच मिनिटांत करपत नाहीत, तांदूळ पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत करपतात. आपण मात्र तेव्हा निर्धास्त असतो, कारण खीर अजून पातळ दिसत असते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे तांदूळ दुधात शिजवायचाच नाही. अर्धा तास भिजवलेला तांदूळ निथळून चमचाभर तुपात दोन मिनिटं परता आणि हाताने किंवा रवीने जाडसर चुरडा. मग त्याच्या तिप्पट पाण्यात झाकण ठेवून बोटाने सहज दाबला जाईल इतका मऊ शिजवा. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पाककृतीत ‘पंधरा मिनिटं’ लिहिली असतील तर इथे उघड्या भांड्यात दोन-तीन मिनिटं जास्त धरावी. तांदूळ शिजत असताना दुसऱ्या शेगडीवर दूध आटत ठेवता येतं. दूध एकटं असतं तेव्हा ते सांभाळणं कितीतरी सोपं असतं. या रीतीत एक उणेपणा आहे. दुधात शिजलेल्या दाण्याला आतून जी दुधाळ चव येते ती थोडी कमी होते. ती भरून काढायची तर शिजलेला तांदूळ आटलेल्या दुधात घातल्यावर दहा-बारा मिनिटं अगदी मंद आचेवर एकत्र राहू द्या.

दूध आटवताना चार गोष्टी सांभाळा. जाड बुडाचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियमचं जुनं जाड पातेलं पातळ स्टीलपेक्षा बरं, कारण आच सगळ्या बुडात पसरते. दूध ओतण्यापूर्वी पातेलं पाण्याने विसळा आणि तळाला दोन चमचे पाणी राहू द्या, म्हणजे पहिल्या मिनिटात दूध कोरड्या तापल्या धातूला भिडत नाही. उकळी येईपर्यंत आच मध्यम ठेवा आणि नंतर मंद, इतकी की कडेला बुडबुडे दिसावेत पण दूध वर चढू नये. आणि हलवायचं ते गोल डावाने नाही, सपाट टोकाच्या लाकडी उलथन्याने. गोल डाव दूध फिरवतो, बूड खरवडत नाही. उलथनं तळाला टेकवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढा. तळ गुळगुळीत लागला तर ठीक. कुठे खरखरीत किंवा चिकट लागलं तर तिथे थर जमतो आहे, आच लगेच उतरवा.

एवढं करूनही उलथन्याला तपकिरी कण आले तर पुढचं अर्धं मिनिट महत्त्वाचं आहे. आच बंद करा, बूड अजिबात खरवडू नका आणि वरचं दूध तसंच दुसऱ्या भांड्यात ओता. तळातलं शेवटचं वाटीभर सोडून द्या. साधारण दहा रुपयांचं दूध जाईल, पण बाकीचं वाचेल. ओतलेल्या दुधाचा चमचाभर गार करून चाखा. वास नाकाला येत असला तरी जिभेला कडवटपणा लागत नसेल तर खीर पुढे करता येते. कडवटपणा लागला तर वेलची, जायफळ, केशर काही घातलं तरी तो लपत नाही, त्यामुळे त्यांचे पैसे त्यात घालू नका. धारवाडच्या लाइन बाजारातल्या पेढ्याचा तपकिरी रंगही दूध भाजल्याचाच, पण तिथे खवा साखरेसह सतत परतून सारखा भाजलेला असतो. एका जागी चिकटून जळलेल्या थराला ती चव येत नाही.

दाटपणा गरम खीर पाहून ठरवायचा नसतो, कारण गार होताना तांदूळ आणखी दूध ओढतो आणि पिठूळपणा घट्ट होतो. गॅस बंद करताना खीर पातळ कढीसारखी वाहती दिसली पाहिजे. दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली पातळीची. दूध ओतल्यावर उलथनं सरळ उभं करून दुधाची रेघ कुठे येते ते पाहा आणि तिथे पेन्सिलीची खूण करा. पातळी पाचव्या हिश्श्याने खाली गेली की फुल क्रीम दुधाचं आटवणं पुरलं आणि तांदूळ घालायची वेळ झाली. डोळ्यांच्या अंदाजात रुंद पातेलं फसवतं, ही खूण फसवत नाही. दुसरी खूण तांदूळ मिसळल्यानंतरची. उलथन्याच्या पाठीवर खीर घेऊन बोटाने आडवी रेघ ओढा. रेघेच्या कडा लगेच मिटल्या तर अजून पाच मिनिटं हवीत. कडा हळूहळू, थोड्या झुकून मिटल्या तर थांबा. रेघ तशीच कोरलेली राहिली तर खीर गार झाल्यावर चमच्याने कापावी लागेल.

फार दाट झाली तर पाणी नको आणि फ्रिजमधलं थंड दूधही नको. वेगळं उकळलेलं गरम दूध घालून ढवळा. पातळ राहिली तर साखर पडल्यावर तासभर आटवत बसू नका, बूड लागतं आणि रंग जातो. चमचाभर तांदळाचं पीठ थंड दुधात गुठळी न होता कालवून घाला आणि चार मिनिटं उकळा. खर्च एक रुपया.

साखर शेवटी घालण्यामागे कारण आहे. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे अर्धवट शिजलेला दाणा साखर पडल्यावर मऊ व्हायचा थांबतो आणि नंतर कितीही शिजवलं तरी आत कणी राहते. म्हणून दाणा बोटात पूर्ण चुरडला जातो याची खात्री करा आणि मगच साखर घाला. साखर पडली की खीर थोडी पातळ होते. तेवढं आधीच गृहीत धरा, घाबरून आणखी आटवू नका.

गोडी ठरवताना बहुतेकांची गफलत होते ती चव घेताना. उकळती खीर जिभेला जास्त गोड लागते. तीच फ्रिजमधून काढली की फिकी वाटते. शिवाय रात्रभरात दाणा साखर आत ओढतो आणि वरचं दूध आणखी सपक लागतं. म्हणून नव्वद ग्रॅमपैकी आधी सत्तरच घाला, पूर्ण विरघळू द्या आणि दोन चमचे खीर वाटीत काढून ती वाटी पाण्यात दोन मिनिटं ठेवा. कोमट झाल्यावर चाखा. पानात गरम वाढायची असेल तर या वेळी ‘जेमतेम गोड’ लागली तरी पुरे, आणखी दहा ग्रॅम घालून थांबा. गार वाढायची असेल तर कोमट असताना ती थोडी जास्तच गोड लागली पाहिजे. तेव्हा वीस ते तीस ग्रॅम वाढवा. श्राद्धाच्या पानात खिरीसोबत वडे, भाजी, आमटी असते, त्यात मध्यम गोडी पुरते. जास्त पडलीच तर उकळलेलं दूध वाढवणं हाच उपाय, म्हणजे वाटीभर दुधाला नऊ-दहा रुपये. साखर कमी घालून सुरुवात करणं त्याहून स्वस्त.

गुळाची खीर हवी असेल तर नासण्याचा धोका सगळ्यात जास्त. गुळाला स्वतःचा सौम्य आंबटपणा आणि बरेच क्षार असतात. आटलेल्या उकळत्या दुधात तो पडला की दूध फुटतं. महालिंगपूरचा, बेळगावचा, कोल्हापूरचा, कुठलाही गूळ घ्या, प्रत्येक ढेपेचा आंबटपणा वेगळा असतो. म्हणून आधी वाटीत दोन चमचे गरम दूध घ्या, त्यात हरभऱ्याएवढा गुळाचा खडा विरघळवा आणि मिनिटभर पाहा. वाटीच्या कडेला कण दिसले तर त्या ढेपेचा गूळ दुधाच्या खिरीला वापरू नका, पुरणाला ठेवा. कण नसतील तर शंभर ते एकशेदहा ग्रॅम गूळ अर्ध्या वाटी पाण्यात उकळून गाळा. खडे, चिपाडं वर राहतात. पाक कोमट होऊ द्या. खीर गॅसवरून उतरवून भांड्याला हात लावता येईल इतकी निवली की पाक थोडा थोडा ओतत ढवळा. नंतर गॅसवर परत चढवू नका. खायच्या वेळी गरम हवी असेल तर गूळ न घातलेली खीर गरम करा आणि पाक पानात वाढताना घाला. काही घरांत चिमूटभर खायचा सोडा दुधात घालतात. त्याने आंबटपणा मारला जातो हे खरं, पण लिटरला पाव चमच्याच्या निम्म्याहून जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि रंग पिवळट होतो. शिळं दूध वाचवायला तो वापरू नका.

गूळ घालताना खीर फुटलीच तर ती खायला चालते, मात्र ती पुन्हा मिळून येत नाही. साखर-तांदूळ पडण्याआधी साधं दूध नासलं असेल आणि त्याला वास नसेल, तर ते पंचात गाळून साखरेसह परता, कलाकंदासारखा गोड पदार्थ होतो. पाकिटाचे पैसे अर्धे तरी वसूल होतात.

उरलेली खीर झाकून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. तांदूळ आणि दूध दोन्ही असल्यामुळे ती बाहेर रात्रभर ठेवण्यासारखी नाही. दुसऱ्या दिवशी ती घट्ट झालेली असेल. सरळ गॅसवर ठेवली तर तळाचा घट्ट गोळा आधी लागेल, म्हणून पातेल्यात अर्धी वाटी दूध आधी उकळा आणि मग त्यात खीर मोडून मंद आचेवर गरम करा. त्या अर्ध्या वाटीचे पाच रुपये धरले तर दोन दिवसांची मिळून खीर ७८ ऐवजी ८३ रुपयांना पडते.